शेजारच्या घराची वीज

गुरुग्रामच्या त्या इमारतीत मला बोलावलं होतं ते बिलांच्या भांडणासाठी. खाली दोन मजले दुकानं आणि रेस्टॉरंट्स, मध्ये ऑफिसं, आणि वर राहते फ्लॅट. सगळ्यांना वीज एकाच मुख्य जोडणीतून मिळायची, आणि गारवाही एकाच ठिकाणाहून. तळघरातल्या मोठ्या चिलरमध्ये पाणी थंड करून ते पाइपांतून मजल्यामजल्यावर चढवायचे. प्रत्येक घरात छतामागे एक पंख्याचं यंत्र असायचं. ते त्या थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फुंकायचं, की झाला एसी. पाणी गरम होऊन परत खाली जायचं.

विजेचे मीटर प्रत्येकाला होते. गारव्याचे नव्हते. गारव्याचं बिल क्षेत्रफळावर यायचं, म्हणून दुपारभर दार उघडं टाकणारं दुकान आणि एसीला हात न लावणारं घर एकाच दराने भरत होतं. मालक कंपनीने अखेर थंड पाण्याच्या पाइपाच्या प्रत्येक शाखेवर बीटीयू मीटर बसवले. किती पाणी वाहिलं आणि जाताना-येताना त्याच्या तापमानात किती फरक पडला, यावरून तो मीटर घेतलेला गारवा मोजतो. त्यावर नवी बिलं सुरू करण्याआधी सगळ्या मीटरांची उतरंड तपासून द्यायची, हे माझं काम.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारात, म्हणून आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रोज मेट्रोने गुरुग्रामला जायचे. जून महिना होता. मेट्रोतून उतरून इमारतीच्या दारापर्यंत चालेस्तोवर डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं.

मीटरांची उतरंड म्हणजे एक वंशावळच असते. सगळ्यात वर वीज कंपनीचा मुख्य मीटर. त्याची मुलं म्हणजे दुकानांची लाइन, ऑफिसांची, फ्लॅटची, चिलर प्लांटची, आणि जिने-लिफ्टसारख्या सामाईक गोष्टींची. फ्लॅटच्या लाइनखाली मजल्यांचे मीटर, आणि मजल्याखाली एकेक घर. मुलांची बेरीज बापाशी जुळली पाहिजे. थोडीशी तूट तारांमध्ये जाते, तेवढी चालते. त्याहून जास्त फरक आला तर कुठेतरी चोरी, बिघाड किंवा चुकीची जोडणी. त्या इमारतीत फरक नव्हता. मजल्यामजल्याचा हिशोब बरोबर जुळत होता. मी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरना सांगितलं, विजेची बाजू चांगली दिसतेय. ते निवृत्त फौजी, पंजाबी गृहस्थ. खूश झाले.

मग सगळ्या भाडेकरूंची आणि रहिवाशांची सभा झाली. नव्या बिलाचे दोन भाग असणार होते. एक मीटरवर, जेवढा गारवा घ्याल तेवढा. दुसरा ठरावीक, कारण चिलर आणि पंप सगळ्यांची कमाल गरज धरून बसवलेले असतात; कोणी एसी लावो न लावो, ती यंत्रं तयार ठेवावी लागतातच. हा ठरावीक भाग ज्याने जेवढी क्षमता राखून ठेवली असेल त्या प्रमाणात. मी हे सांगितल्याबरोबर दुकानदार उठले, ऑफिसवाले उठले. बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. पांढरी सुती साडी, ताठ पाठ.

"मैं एसी चलातीच नहीं," त्या म्हणाल्या. "तो मैं तयारी का पैसा क्यों दूँ?"

त्या 'च'वरून मी ओळखलं. उत्तर हिंदीतच दिलं, की ज्यांना एसी नको त्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून सील लावू, आणि त्यांची राखीव क्षमता काढून घेऊ, म्हणजे ठरावीक भाग नावापुरता उरेल. माझ्या हिंदीवरून त्यांनीही मला ओळखलं असणार. सभा संपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुठली गं तू?"

"साताऱ्याची, काकू."

"मग चहाला ये. इथे आसपास कोणाशी मराठी बोलून मला वर्ष झालं असेल."

त्यांचे यजमान सैन्यात होते, वारून बरीच वर्षं झाली होती. हा फ्लॅट मुलीने घेऊन दिलेला. मुलगी मेलबर्नला. घरात एक पलंग, एक टेबल, खिडकीत तुळस, आणि छताचा पंखा. एसीची जाळी जळमटांनी भरलेली. उकडत होतं, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. "राजस्थानात तंबूत राहिलोय आम्ही," त्या म्हणाल्या. विजेच्या किटलीत पाणी तापत होतं. "माझं सगळं या किटलीवर चालतं. पहाटे चारला पहिला चहा. गॅस लावायचा नाही, अशी मुलीची ताकीद."

चहा पिताना त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "शेजारी नमुन्याचा फ्लॅट आहे, माहीत आहे ना? गिऱ्हाइकांना दाखवायचा. रोज नवी माणसं येतात, आणि रोज तेच बोलतात. अगदी तेच. 'वाह, कितना शांत है.' मग एक बाई हसते. रोज वेगळी बाई असणार गं, पण हसणं तेच."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आणि एक विचारू? माझं विजेचं बिल मला पटत नाही. एक पंखा, एक दिवा, फ्रिज, किटली. तरी एवढं कसं? गेल्या वर्षी मी महिनाभर भावाकडे कराडला होते. घराला कुलूप. तरी बिल तेवढंच. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, आंटीजी, फ्रिज पुराना है."

मी म्हटलं, बघते. आणि खरंच बघितलं, कारण तोवर नव्या बीटीयू मीटरांचे आकडे यायला लागले होते, आणि मला ते विजेच्या आकड्यांशेजारी ठेवून तपासायचेच होते. एसी चालू झाला की गारव्याचा मीटर चढतो, आणि त्याच क्षणी घराच्या विजेचा मीटरही थोडा चढतो, कारण छतामागचा पंखा घराच्या विजेवर चालतो. दोन्ही रेषा एकमेकींचा हात धरून चालल्या पाहिजेत. सगळ्या इमारतीत चालत होत्या. फक्त त्या मजल्यावरच्या दोन घरांत नाही.

शुक्रवारची दुपार होती. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये लॅपटॉपवर नमुन्याच्या फ्लॅटचे आलेख उघडले. गारवा सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. सेल्सवाल्यांची वेळ, बरोबर. पण त्या वेळी विजेच्या मीटरला काही पत्ताच नव्हता. वीज वेगळ्याच वेळी जागी होत होती. पहाटे, चारच्या सुमाराला, एक उंच टोकदार उडी. दोन-चार मिनिटं, की पुन्हा शांत. मग दिवसभरात तशाच दोन-तीन. रात्री एक बारीक रेषा उजाडेपर्यंत, लहानसा दिवा जळत ठेवावा तशी. कधी ती रेषा मध्यरात्री थोडी जाड व्हायची, कधी पहाटेची उडी उशिरा यायची. त्या रेषेला यंत्राची शिस्त नव्हती. ती माणसाची होती.

"नमुन्याच्या फ्लॅटमध्ये रात्री कोण असतं?" मी विचारलं.

"कोई नहीं," मॅनेजर म्हणाले. "शाम को ताला लगता है."

"मग पहाटे चारला तिथे पाणी कोण तापवतं?"

मला एकदम काकूंची किटली आठवली, पण आकडे नमुन्याच्या घराचे होते, आणि मजल्याची बेरीज चोख जुळत होती. टेक्निशियन जवळच उभा होता, हरियाणाचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. तो म्हणाला, रात्रपाळीचे गार्ड त्या मजल्यावर थांबत नाहीत. त्यांना त्या बंद घराशी बाई गुणगुणल्याचा आवाज येतो.

आम्ही वर गेलो. सेल्सचं काम बघणाऱ्या मुलीने दार उघडलं. दिल्लीत मुनिरक्याला खोली करून राहणारी, हसऱ्या चेहऱ्याची. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, इतकं गार होतं. जेवणाच्या टेबलावर सहा ताटं मांडलेली. मधोमध लिंबांची टोपली, लिंबं प्लास्टिकची. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी, मागे पोकळ खोके. लहान मुलांच्या खोलीत पलंगाशी चिमुकले बूट जोडीने ठेवलेले, तळवे कोरे. ओट्यावर किटलीही होती. मी ती उचलली. आत पाण्याचा थेंब नव्हता, कधी नसावाच. वायर मागे वळवून ठेवली होती आणि तिला पिन नव्हती.

"शो के लिए है, मॅम," ती मुलगी म्हणाली.

मी त्या हलक्या किटलीकडे बघत राहिले. इमारतीच्या हिशोबाप्रमाणे या घरात त्या पहाटेही कोणीतरी चहा केला होता.

खरं तर शंका एकच होती, आणि ती मी जिना उतरताना बोलून दाखवली. मजल्यावरच्या मीटरच्या खोलीत दोन घरांच्या तारा अदलाबदल झाल्या असाव्यात. एकाच बापाची दोन मुलं पाळण्यात बदलली तर घरातली डोकी तेवढीच राहतात. बेरीज जुळत राहते; वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. खात्री करायचा मार्ग सोपा. एका घराचा मुख्य स्विच पाडायचा, म्हणजे वीज तोडायची, आणि कुठला मीटर शून्यावर येतो ते बघायचं. पण शनिवार-रविवार म्हणजे गिऱ्हाइकांची गर्दी, सेल्सवाले वीज पाडू देईनात. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत करू, असं ठरलं. काकूंना सांगायचं मी लांबणीवर ठेवलं. बदल सिद्ध झाल्यावर सांगू, आनंदाने सांगू, असं मनात होतं.

सोमवारी टेक्निशियन माझ्याआधीच मीटरच्या खोलीत होता. ती खोली म्हणजे लिफ्टमागची अरुंद, गरम जागा. भिंतीवर मीटरांची रांग, प्रत्येकाचा लाल दिवा आपापल्या गतीने लुकलुकणारा. त्याने नमुन्याच्या घराच्या मीटरवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, "भूत चला गया, मॅडम."

मी लॅपटॉप उघडला. शुक्रवारची रात्र नेहमीसारखी. शनिवारच्या पहाटे उडी. त्यानंतर काही नाही. रविवारच्या पहाटे काही नाही. आज पहाटे काही नाही. फक्त एक बारीक रेषा, मध्येच फ्रिजच्या श्वासासारखी वरखाली होणारी, आणि त्या रेषेत शनिवारच्या सकाळपासून जळत राहिलेला एक दिवा. दिवसाउजेडीही न विझवलेला.

"पाड," मी फोनवर सेल्सच्या मुलीला म्हटलं. "नमुन्याच्या घरातला पाड."

तिने सांगितलं की तिथे अंधार झाला. भिंतीवर एका लाल दिव्याचं लुकलुकणं थांबलं, पण ते त्या घराच्या मीटरवर नाही. शेजारच्या, काकूंच्या नावाच्या मीटरवर. ज्याला आम्ही नमुन्याच्या घराचा म्हणत होतो तो मीटर तसाच मंद चालत होता.

ते भूत काकू होत्या, हे समजायला मला कितीसा वेळ लागला असेल. टेक्निशियनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. आम्ही दोघंही पळालो.

बेल वाजवली. दार ठोकलं. मी हाका मारल्या. आतून पंख्याची घरघर तेवढी येत होती. मॅनेजर मास्टर किल्ली घेऊन वर येईपर्यंत मी त्यांच्याकडून काकूंच्या मुलीचा नंबर घेऊन मेलबर्नला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"आई ठीक आहे," ती म्हणाली. माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. "मी सकाळीच बघितलं. सातला उठलीये."

"कुठे बघितलं?"

"बिलाच्या अ‍ॅपवर. त्यात घराचा वापर दिसतो ना, मिनिटामिनिटाचा. सकाळी सातला तिचे दिवे लागतात, रात्री साडेदहाला बंद. अगदी बाबांसारखी वेळेची पक्की आहे. काल तिने फोन नाही उचलला, पण संध्याकाळी दिवे लागले होते, म्हटलं असेल कामात. रोज बघते मी. झोपायच्या आधी बघते."

मला माहीत होतं सातला कोणाचे दिवे लागतात ते. नमुन्याच्या घरात टायमर होता. सकाळी सातला झाडलोट करणाऱ्यांसाठी, आणि संध्याकाळी अंधार पडला की खिडक्यांतले दिवे, म्हणजे हायवेवरून जाणाऱ्यांना इमारत भरलेली दिसावी. साडेदहाला आपोआप बंद. सुट्टी नाही, आजारपण नाही.

"ते तुमच्या आईचं घर नव्हतं," मी म्हटलं. "मीटर बदललेले आहेत. तुम्ही शेजारचं रिकामं घर बघत होतात."

तेवढ्यात मॅनेजरनी येऊन दार उघडलं. मी फोन चालू ठेवून आत गेले.

घरात भट्टीसारखं गरम होतं. दिवा जळत होता, पंखा फिरत होता, तुळस मान टाकून पडली होती. काकू बाथरूमच्या उंबऱ्यावर आडव्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. हाताशी प्लास्टिकची बादली ओढून आणलेली, त्यात तळाशी थोडं पाणी. त्या पाण्यानेच त्या जगल्या असाव्यात. उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीवर तिथे रंग निघाला होता.

मी गुडघ्यावर बसले. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडे वळायला वेळ लागला.

"गिऱ्हाइकं गेली का?" त्यांनी विचारलं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, म्हणून सामानाच्या लिफ्टने नेलं. फोनमध्ये मुलगी "आई, आई" म्हणत होती. मी फोन काकूंच्या कानाशी धरला. त्या फार हळू म्हणाल्या, "रडू नकोस. मी आहे."

परत वर आले तेव्हा सेल्सची मुलगी नमुन्याच्या घराच्या दारात उभी होती. शनिवारी दुपारी तिला भिंतीतून ठकठक ऐकू आली होती. रविवारीही. गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, थंड पाण्याच्या पाइपात हवा अडकते, असा आवाज येतो. तिने तक्रारही केली होती, आणि प्लांटच्या माणसाने त्या लाइनमधून हवा काढलीही होती. तिचं काही चुकलं नव्हतं. पाइपांतून तसा आवाज खरंच येतो. "मैंने म्युझिक थोड़ा बढ़ा दिया था," ती म्हणाली आणि खाली बसली.

काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मी भेटायला जायचे तेव्हा त्या मधूनमधून ते दोन दिवस सांगायच्या, अजिबात भावुक न होता. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर पाय घसरला. फोन पलंगावर. ओरडून घसा बसला, मग ठोकायला सुरुवात केली. भिंतीपलीकडे माणसं यायची, घर बघायची, कौतुक करायची. "मला एकेक शब्द कळायचा," त्या म्हणाल्या. "मी ठोकलं की ते थांबायचे. मग कोणीतरी म्हणायचं, कितना शांत है. रात्री कुणी नसायचं, पण मला वाटायचं असतात. वाटायचं, ते सहाजण टेबलाशी बसलेत आणि माझं ऐकतायत. त्या घरात टेबल आहे का गं?"

मी त्यांना ते टेबल कधी दाखवलं नव्हतं. ताटं सहा आहेत हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आहे. पूर्वी कधीतरी दार उघडं असताना त्यांनी बघितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्यांना विचारलं नाही.

मुलगी विमानाने आली. हॉस्पिटलच्या धावपळीतून एका संध्याकाळी ती इमारतीत आली आणि मला म्हणाली, "मला ते घर बघायचंय." मॅनेजरनी किल्ली दिली. आम्ही दोघी आत जाऊन बसलो. एसी बंद झाला होता, तरी भिंतीत गारवा मुरलेला होता. बाहेर आभाळ धुळीने लाल. ती कोणत्याही वस्तूला हात लावत नव्हती. मग टक असा बारीक आवाज झाला आणि आमच्या डोक्यावरचे सगळे दिवे एकदम लागले. ओट्यावरचे, टेबलावरचे, लहान मुलांच्या खोलीतले. जणू कोणी घरी आलं.

ती दचकली नाही. तिने पर्समधून फोन काढला, अ‍ॅप उघडलं. तिच्या आईच्या नावापुढची रेषा वर चढत होती. आम्ही अजून तारा बदलल्या नव्हत्या.

"हीच," ती म्हणाली. "दोन वर्षं मी हिला शुभ रात्री म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी तारा बदलल्या. नुसत्या त्या दोन घरांच्या तपासून मला झोप लागली नसती. सगळ्या इमारतीचे मीटर एकेक करून पाडून बघायचे, असं मी लेखी दिलं. बेरीज जुळते म्हणजे मीटर बरोबर, असं समजायचं नाही; प्रत्येक दाराशी माणूस उभा करून स्विच पाडायचा, आणि दुसऱ्याने मीटर बघायचा. तोवर नवी बिलं नाहीत. मालक कंपनी कुरकुरली. मॅनेजरनी मात्र माझी बाजू घेतली. काकूंना नेलं त्या सामानाच्या लिफ्टमध्ये तेही होते. कामाला जवळजवळ सगळा पावसाळा गेला. ऑफिसांच्या मजल्यावर अशीच आणखी एक जोडी सापडली, आणि एका रेस्टॉरंटच्या गारव्याच्या मीटरचे तापमानाचे दोन सेन्सर उलटे बसवलेले, त्यामुळे तो काही मोजतच नव्हता; त्यांचा गारवा सगळ्यांच्या तुटीत वाटला जात होता. काकूंना मागच्या बिलांचा फरक परत मिळाला. त्यांनी आकडा बघितला आणि पाकीट उशीखाली ठेवून दिलं.

ऑक्टोबरात त्या परत आल्या. कराडला चला, मेलबर्नला चला, सगळं झालं; त्या ऐकेनात. दिवसरात्र एक बाई ठेवली, एवढं मान्य केलं. मुलगी अ‍ॅप बघत नाही आता. दोन वेळा फोन करते, आणि काकू वैतागतात.

त्यांच्या घराची तपासणी तेवढी राहिली होती, कारण ते बंद होतं. मी मीटरच्या खोलीत उभी राहिले, आणि स्विच मीच पाडणार, असा काकूंनी हट्ट धरला. वॉकर सरकवत त्या दाराजवळच्या बोर्डापाशी गेल्याचं फोनवर ऐकू येत होतं.

"पाडू?"

"पाडा, काकू."

लाल दिवा थांबला. त्यांच्याच नावाचा. शेजारचा चालू होता. बरोबर होतं सगळं, मी फोनवर तसं सांगणार होते, पण पलीकडे एकदम शांत झालं होतं. पंखा बंद पडल्यावर घरात येते तशी शांतता. मी हाक मारली. उत्तर नाही. मी भिंतीवरच्या त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

मग त्यांचा आवाज आला, अगदी जवळून.

"गेले का मी?"

"गेलात."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "पलीकडे कोणी बोलतंय का ते ऐकू दे."

मीही ऐकलं. फोनमधून, किंवा भिंतीतून, मला सांगता यायचं नाही, दूरवर एक बाई हसली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाइकं असणारच. काकूंनी स्विच वर केला. दिवा लुकलुकला. नंतर मी चहाला गेले तेव्हा त्यांनी मला पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून द्यायला सांगितलं, सील तोडून. एसी लावायचाय, त्या म्हणाल्या, म्हणजे त्याच्या आवाजात पलीकडचं ऐकू येणार नाही. ठरावीक भाग भरायला तयार आहे, असंही म्हणाल्या. मी अर्ज भरून त्यांच्या सहीला दिला.